परीक्षा आंब्याच्या हंगामात

दीक्षा वाघमारेने वेळापत्रक पाहिलं तेव्हा तिला आधी वाटलं, ते दुसऱ्या कुठल्या तरी कोर्सचं असावं. तिने वरची ओळ पुन्हा वाचली. एम.सी.एम., दुसरं वर्ष, चौथं सत्र. कॉम्प्युटरचा हा कोर्स तिचाच होता. पेपर अठ्ठावीस एप्रिलला सुरू होणार होते आणि शेवटचं प्रात्यक्षिक दहा मेला. आदल्या दोन्ही वर्षी ही परीक्षा मे महिन्याच्या अखेरीस झाली होती आणि त्याच भरवशावर तिने जानेवारीत प्रोजेक्टसाठी एका कंपनीत मुलाखत देताना सांगितलं होतं, की मेच्या वीस तारखेपर्यंत मी पूर्ण वेळ येईन, मधे सुट्टी लागणार नाही. यंदा विद्यापीठाने परीक्षा अलीकडे ओढली होती. कॉलेजच्या फळ्यापाशी उभी असलेली मुलं आनंदात होती. लवकर सुटका होणार, एवढंच त्यांना दिसत होतं. ते साल २००३, आणि सगळ्यांना परीक्षा उरकून कधी एकदा नोकरीला लागतो असं झालेलं होतं.

दीक्षा मात्र फळ्यापासून निघाली ती थेट बसस्टॉपवर येऊन बसली. दोन बस सोडल्या तेव्हा कुठे तिला उठायचं भान आलं.

ती ज्या कंपनीत प्रोजेक्टसाठी जात होती ती स्वारगेटजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. माणसं मोजून अकरा. बंगलोर-अमेरिकेची कामं तिकडे येत नसत. दवाखाने, शाळा, ट्रान्सपोर्टवाले अशांची कामं येत. यंदा मार्केट यार्डातल्या वैजनाथ शेठ नावाच्या आंब्याच्या अडत्याचं काम आलं होतं. कोकणातून पहाटे ट्रक येतात. एकाच ट्रकमधे वीस-वीस बागायतदारांच्या पेट्या असतात, प्रत्येकाची खूण निराळी. कोणाच्या किती पेट्या आल्या, कुठल्या गावच्या, कोणत्या प्रतीच्या, ते गाळ्यावरचे दिवाणजी वहीत लिहीत आणि प्रत्येक खेपेची, म्हणजे एका बागायतदाराच्या एका वेळच्या मालाची, चिठ्ठी हाताने फाडून देत. हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं होतं. प्रोग्रॅम दीक्षाने लिहिला होता. गाळ्यावर जाऊन, पेट्यांच्या ढिगात उभं राहून, कोणाची खूण म्हणजे काय, हेही तिनेच समजून घेतलं होतं. त्यामुळे त्या कामातलं इत्थंभूत कोणाला माहीत असेल तर ते तिला एकटीला.

आणि तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू करायचा होता अठ्ठावीस एप्रिललाच. अक्षय्य तृतीया चार मेला होती. त्या आठवड्यात जेवढा आंबा येतो तेवढा एरवी महिन्यात येत नाही, आणि शेठना त्याच आठवड्यात वहीपासून मोकळं व्हायचं होतं.

दीक्षाच्या वरिष्ठ होत्या मेहनाज मॅडम. मेहनाज बागवान. पस्तिशीच्या, जुन्या पुण्यातल्या, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. कोणी म्हणालं, मॅडम, प्रोग्रॅम जवळजवळ झालाय, तर त्या म्हणत, "बस जवळजवळ मिळाली, तर माणूस कुठे असतो?" आणि पुन्हा आपल्या पडद्याकडे वळत. त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. दीक्षाला त्याचीच जास्त भीती वाटे. शिवाय रुजू होताना मिळालेल्या पत्रात एक वाक्य होतं, की परवानगीशिवाय तीन दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास प्रोजेक्ट पूर्ण केल्याचा दाखला मिळणार नाही. दाखला नसेल तर तोंडी परीक्षेला बसू देत नाहीत, आणि तोंडी परीक्षा नाही तर पदवी नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली ती सांगायचं ठरवूनच. पण मॅडमनी त्याच सकाळी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर दोन आठवड्यांचा तक्ता आखला होता. अठ्ठावीस एप्रिल ते अकरा मे, चौदा चौकोन, आणि चौदाही चौकोनांत लिहिलेलं होतं, 'दीक्षा, गाळा'. संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी मॅडम शेठशी फोनवर बोलत होत्या. मग उद्या. उद्या शुक्रवार होता, आणि शुक्रवारी मॅडम म्हणाल्या की या मुलीमुळे आपण वेळेवर आहोत. त्यांनी आजवर केलेलं हे एकमेव कौतुक होतं. त्या कौतुकावर लगेच परीक्षेचं वेळापत्रक ठेवणं दीक्षाला जमेना.

कॉलेजातली तिची मैत्रीण दीपाली हिने एक तोडगा काढून दिला. परीक्षेचं सांगूच नकोस, म्हणाली, कावीळ झाली म्हणून सांग. तिने त्याचा अभ्यास केलेला दिसत होता. टायफॉइडला तीन आठवडे जातात, गोवराला एक, कावीळच बरोबर दोन आठवड्यांची. दीक्षा हसली, पण बसमधे बसल्यावर तिने तो विचार खरोखरच करून पाहिला. काविळीनंतर माणूस पिवळं दिसायला हवं, भेटायला कोणी धायरीला घरी आलं तर आईने खोटं बोलायला हवं, आणि पेपर सुटून बाहेर पडताना मॅडमच समोर आल्या तर? तिने तो बेत बसमधेच सोडून दिला.

सोमवारी चौदा एप्रिल होता. जयंतीची सुट्टी. सकाळी सगळं घर पांढऱ्या कपड्यांत विहारात जाऊन आलं. संध्याकाळी मिरवणूक पाहून परत येताना वडिलांनी तिला विचारलं, की चार दिवस झाले, तू पानात वाढलेलं परत करतेस, काय झालंय? तिचे वडील संजय वाघमारे पोस्टात होते, टपाल छाटणीला. तेवीस वर्षांची नोकरी. तिने चालता चालता सगळं सांगून टाकलं, काविळीसकट.

त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच सांगितलं, की छाटणीच्या खोलीत रजा मागणाऱ्यावर साहेब कधी चिडलेले त्यांनी पाहिले नाहीत. चिडतात ते आज सांगून उद्या रजा घेणाऱ्यावर, कारण मग त्याच्या वाटचे गठ्ठे कोणाच्या टेबलावर टाकायचे हे ठरवायला वेळ मिळत नाही. "तुझे गठ्ठे कोण छाटणार, ते आधी शोध," ते म्हणाले. "मग जा मॅडमकडे."

त्या रात्री दीक्षाने अर्ज लिहिला. इंग्रजीत, कारण अर्ज इंग्रजीत लिहायचा असतो अशी तिची समजूत होती. चार वेळा लिहिला. मग एका वेगळ्या कागदावर मराठीत आपल्यासाठीच यादी केली, की गाळ्यावर रोज काय काय होतं आणि त्यातलं कोणतं काम तिच्याशिवाय कोण करू शकेल. छपाई बंद पडली तर ऑफिसातला कोणीही बघेल. रोजचा सगळा डेटा फ्लॉपीवर उतरवून ठेवणं, तेही कोणीही करील. पण पेटीवरची खूण पाहून बागायतदार ओळखणं ऑफिसात एकालाही येत नव्हतं. ते येत होतं फक्त गाळ्यावरच्या दिवाणजींना, म्हणजे बापूरावांना. आणि बापूराव कॉम्प्युटरला हात लावत नव्हते.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला ती मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिली आणि अर्ज पुढे ठेवला. मॅडमनी तो वाचला. लाल पेन उचलून दोन स्पेलिंगं दुरुस्त केली. मग विचारलं, "यात लिहिलंयस, कृपया परवानगी द्यावी. मी नाही दिली, तर परीक्षेला बसणार नाहीस?"

दीक्षा म्हणाली, "बसेन."

"मग ही परवानगी नाही. तू कळवते आहेस. कळवायचं असेल तेव्हा कळवावं, परवानगी मागू नये." त्यांनी कागद फिरवून तिच्याकडे केला. "वेळापत्रक कधी लागलं?"

"गेल्या बुधवारी."

मॅडमनी मान वळवून भिंतीवरचा तक्ता पाहिला. तो त्यांनी गुरुवारी आखला होता. शेजारच्या टेबलावरची टकटक थांबलेली दीक्षाला जाणवली.

"परीक्षा विद्यापीठाने अलीकडे आणली, त्यात तुझा दोष नाही," त्या म्हणाल्या. "हे सहा दिवस मात्र तुझे आहेत. या सहा दिवसांत मी शेठना दोनदा शब्द दिला, तुझ्या नावाने."

दीक्षाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, कारण जे ऐकायची भीती होती ते ऐकून झालं होतं. ती म्हणाली की चुकलं, आणि मी घाबरले होते. मग दुसरा कागद पुढे केला. बापूरावांना बारा दिवसांत शिकवायचं, असं तिच्या यादीच्या तळाशी लिहिलेलं होतं.

मॅडमनी ती यादी अर्जापेक्षा जास्त वेळ वाचली. बापूराव जानेवारीपासून कॉम्प्युटरकडे पाठ करून बसतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं की तो माणूस शिकेल असं कशावरून वाटतं. दीक्षा म्हणाली, की त्यांना तीनशे बागायतदारांच्या खुणा तोंडपाठ आहेत, इथे तर फक्त नऊ बटणं आहेत.

मॅडम उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि चौदाही चौकोनांतलं 'दीक्षा' पुसलं. त्या जागी काहीच लिहिलं नाही. "नाव लिहायचं ते सव्वीस तारखेला ठरवू," म्हणाल्या. "आता शेठना फोन कर. तू कर. मी ऐकते."

तो फोन दीक्षाच्या आयुष्यातला सगळ्यात लांब फोन होता, जरी घड्याळात तो चार मिनिटांचा निघाला. तिने आपलं नाव सांगितलं, परीक्षा आहे म्हणून सांगितलं, आपण उशिरा कळवतोय हेही सांगितलं. वैजनाथ शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं की परीक्षेत पहिला नंबर येणार आहे का. ती म्हणाली, नाही, पण पास व्हायचंय. शेठ म्हणाले की त्यांचा मुलगा तीन वर्षं एकाच वर्गात आहे, तेव्हा पास होणाऱ्याला अडवायची त्यांची इच्छा नाही. बापूरावांना शिकवते, असं ती म्हणाली तेव्हा मात्र ते फक्त हसले.

बापूराव वडकीचे. अठ्ठावन्न वर्षांचे, डोक्याला टोपी, कानावर पेन्सिल. गाळ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी धुतलेलं पोतं घातलं होतं, धूळ बसू नये म्हणून. दीक्षाने त्यांना शिकायचं आहे असं सांगितल्यावर ते म्हणाले, "ताई, माझी वही हाय. तुमचं यंत्र तुम्ही चालवा."

तिने त्यांना परीक्षेचं सांगितलं. ते ऐकून मात्र ते थोडे हलले. त्यांची स्वतःची मॅट्रिकची परीक्षा बापाच्या आजारपणात बुडली होती आणि पुन्हा द्यायची राहूनच गेली. कुणाची परीक्षा बुडणं त्यांना सहन होत नसे. त्यांनी पोतं काढलं, घडी करून ठेवलं आणि खुर्चीत बसले. हात मात्र मांडीवर ठेवले.

पहिले दोन दिवस माउस टेबलावरून खाली पडण्यात गेले. मग दीक्षाने माउस काढूनच टाकला. रात्रीतून तिने प्रोग्रॅममधे फेरफार केला, सगळं बटणांवर आणलं, आणि पडद्यावरची अक्षरं मराठीत मोठी केली. एंटरचं बटण दाबायला बापूराव घाबरत. दाबलं की गेलं, असं त्यांना वाटे. वहीत खोडता येतं. तिने त्यांना खोडायचं कसं ते आधी शिकवलं. लिहायचं नंतर. खोडता येतं हे कळल्यावर त्यांचा हात सैल झाला. सहाव्या दिवशी त्यांनी रत्नागिरीच्या ट्रकच्या अठरा खेपा एकट्याने घातल्या, तीन चुका केल्या, तिन्ही आपल्या आपण शोधल्या. मशीनमधून चिठ्ठी सरसर बाहेर आली तेव्हा त्यांनी ती हमालांना दाखवली, जसं काही त्यांनीच ती छापली होती. आणि ती त्यांनीच छापली होती.

दीक्षा सकाळी सहा ते दहा गाळ्यावर, मग ऑफिसात, आणि पाचनंतर घरी पुस्तकं घेऊन, अशी राबली. मॅडमनी न बोलता तिची दुपारची दुसरी कामं काढून घेतली. एकदा गाळ्यावर आल्या, बापूरावांच्या मागे दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. शनिवारी, सव्वीसला, दीक्षा ऑफिसात आली तेव्हा फळ्यावरच्या चौदाही चौकोनांत लिहिलेलं होतं, 'बापूराव'. खाली बारीक अक्षरात, 'अडल्यास मेहनाज'.

निघताना मॅडमनी तिला बोलावून सांगितलं की या दोन आठवड्यांत ऑफिसला फोन करायचा नाही. काय चाललंय म्हणून विचारायचं नाही. गाळ्यावर तर मुळीच जायचं नाही.

"आणि काही बिघडलं तर?"

"तर आम्ही बघू. तू सांगून गेली आहेस. सांगून गेलेल्या माणसाला बोलवत नाहीत."

पहिला पेपर बरा गेला, दुसरा चांगला. अक्षय्य तृतीयेला आईने आमरस केला. वाटी तोंडाशी नेताना दीक्षाच्या मनात आलं, या आंब्याची पेटी कोणत्या खुणेची असेल. तिने फोनकडे पाहिलं. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुस्तक घेऊन गच्चीत गेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात प्रश्न आला, की प्रोग्रॅम तपासताना मर्यादेच्या टोकाच्या किमती का तपासाव्यात, उदाहरणासह स्पष्ट करा. तिने दीड पान भरून लिहिलं. इतकं मुद्देसूद उत्तर तिने कधी लिहिलं नव्हतं.

बारा मेला, सोमवारी सकाळी, ती ऑफिसात परतली. मॅडमनी पेपर कसे गेले विचारलं. मग एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या की हे वाच, चार तारखेचं आहे.

हंगामाच्या सुरुवातीपासून खेपांना ओळीने क्रमांक देतात. गेल्या वर्षी सगळ्या हंगामात मिळून आठशे सत्तर झाल्या होत्या, म्हणून दीक्षाने क्रमांकासाठी तीन आकडी जागा ठेवली होती. यंदा आंबा अमाप आला. अक्षय्य तृतीयेला सकाळी साडेसातला नऊशे नव्व्याण्णव नंबरची खेप लागली, आणि पुढची काही केल्या घेतली जाईना. बाहेर चार ट्रक उभे.

दीक्षाचे कान तापले. आदल्या सोमवारी तिने लिहिलेलं दीड पान तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिने विचारलं की मग काय केलं.

बापूरावांनी केलं होतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग पोतं पसरलं, वही उघडली आणि एक हजारपासून हाताने लिहायला घेतलं, अगदी शांतपणे. मग मॅडमच्या घरी फोन लावला. मॅडम नऊला पोचल्या, दोन तासांत जागा वाढवून दिली, आणि दुपारी बापूरावांनी वहीतल्या एकेचाळीस खेपा मशीनमधे चढवल्या. एकही ट्रक परत गेला नाही. शेठनी मधे एकदा म्हटलं होतं, त्या मुलीला बोलवा. त्यावर बापूरावांनी, गाळ्यावरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, शेठना उलट उत्तर दिलं. तिचा उद्या पेपर हाय, म्हणाले.

दीक्षाने मॅडमची माफी मागितली. मॅडम म्हणाल्या की ही चूक तपासताना त्यांच्याही नजरेतून सुटली होती, तेव्हा माफी अर्धीच घेते. मग त्यांनी प्रोजेक्टच्या मुदतीबद्दल सांगितलं. वीस मेला संपणारी मुदत दोन आठवडे पुढे नेली होती, दाखल्यावर तीच तारीख येणार होती, आणि कॉलेजात त्यांनी स्वतः विचारून घेतलं होतं की तोंडी परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तेव्हा अडचण नाही. जूननंतर काय, हेही त्यांनी विचारलं. दीक्षाने सांगितलं की अजून काही ठरलं नाही. "ठरव," त्या म्हणाल्या. "इथे एक टेबल रिकामं आहे. या वेळी सहा दिवस लावलेस तरी चालतील."

दीक्षाने एकच दिवस घेतला.

पण तिचा होकार पुढच्या दिवशीचा. त्या सोमवारी ती अकरा वाजता मार्केट यार्डात गेली. गाळ्यात पेट्यांचा वास दाटला होता, पेंढा पायाखाली येत होता. बापूराव कॉम्प्युटरपुढे बसले होते. चष्मा नवा होता, आणि कानावरची पेन्सिल आता पडद्यावरच्या ओळींवरून फिरत होती. त्यांनी तिला पाहिलं, पास होणार का, असं विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावर मान डोलावली. ती खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, ते आता उठतील.

"देवगडच्या सात खेपा राहिल्यात," बापूराव पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "तवर तुम्ही बसा तिकडं. आंबा खा."

तिने एक रिकामी पेटी ओढली आणि बसली. वैजनाथ शेठनी आतून एक पिकलेला हापूस पाठवला. तो हातात चोळून मऊ करून, देठ काढून, दीक्षा बापूरावांच्या सात खेपा संपायची वाट पाहत राहिली.